आटलेली माया, बर्न्स वॉर्ड आणि पंधराशे शब्दांचा निबंध

*नमस्कार. मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन बर्न्स वॉर्डात. सध्या एक प्रोफेशनल डेव्हलपमेंटचा कोर्स करतेय. त्यात कंपॅशन फटीग आणि परिचारिकेनं स्वतःची घ्यायची काळजी यावर पंधराशे शब्दांचा रिफ्लेक्टिव्ह निबंध द्यायचाय. लिहायला बसले की पान कोरंच राहतं. पूर्वी पेशंट गेला की रडू यायचं. आता बॉडी पॅक करते आणि पुढच्या बेडकडे वळते. ड्रेसिंगची ट्रॉली निघाली की पोटात गोळा येतो. मागच्या महिन्यात एका मुलीच्या आईवर उगाच खेकसले. घरी भरताचं वांगं भाजायला ठेवलं की वास सहन होत नाही, गॅस बंद करून बाहेर जाते. मी निगरगट्ट झालेय का? मैत्रिणी म्हणतात योगा कर, ध्यान कर. जाऊनयेऊन दोन तासांचा प्रवास, घरी चौथीतला मुलगा. कधी करू? निबंधात काय लिहू आणि खरंच काय करू, दोन्ही सांगा.*
*– एक सिस्टर*

सिस्टर, निगरगट्ट माणसाला वांग्याच्या वासानं स्वयंपाकघर सोडावं लागत नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुट्या केल्या की निबंधही सुटेल आणि काय करायचं तेही दिसेल.

पहिली गोष्ट कामाच्या बोजाची. माणसं कमी, बेड भरलेले, रजिस्टरं संपत नाहीत, आणि कितीही केलं तरी कुणाच्या खिजगणतीत नाही. यातून हळूहळू जे साचतं ते बर्नआउट. ते बँकेत होतं, शाळेत होतं, कुठल्याही कचेरीत होतं. दुसरी गोष्ट फक्त आपल्यासारख्या पेशांत होते. दुसऱ्याचं दुखणं रोज इतक्या जवळून पाहिलं जातं की त्याचे वास, आवाज, चेहरे आपल्याबरोबर घरी येतात. याला सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात, आणि ही कधीकधी एका घटनेनंतर अचानकही सुरू होते. ट्रॉलीच्या आवाजानं येणारा गोळा आणि वांग्याचा वास हे या दुसऱ्या खात्यातलं आहे. आईवर खेकसणं बहुधा दोन्ही खात्यांत अर्धं अर्धं.

कंपॅशन फटीग हा शब्द परिचारिकांच्या संदर्भात 1992 मध्ये अमेरिकेतल्या कार्ला जॉइन्सन यांनी नर्सिंगच्या मासिकातल्या लेखात वापरला. पुढे 1995 च्या सुमाराला चार्ल्स फिगली यांनी तो आघातग्रस्तांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी मांडला. आज बरेच जण बर्नआउट अधिक सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस मिळून कंपॅशन फटीग असं धरतात. बेथ हडनॉल स्टॅम यांच्या प्रोक्वोल या प्रश्नावलीची मांडणी तशीच आहे. निबंध लिहायच्या आधी ती भरा, कारण कुठल्या खात्यात किती शिल्लक आहे ते तिथं आकड्यात दिसतं.

प्रोक्वोलच्या पाचव्या आवृत्तीत 30 विधानं आहेत. गेल्या 30 दिवसांत ते विधान तुम्हाला किती वेळा लागू झालं, त्याप्रमाणे 1 ते 5 गुण द्यायचे. दहा विधानं कामातून मिळणाऱ्या समाधानाची, दहा बर्नआउटची, दहा सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेसची. तिन्हींची बेरीज वेगवेगळी करायची. सगळ्यांची मिळून एक बेरीज केली तर तिला काहीच अर्थ नाही. 22 किंवा कमी म्हणजे कमी, 23 ते 41 मध्यम, 42 आणि वर म्हणजे जास्त. इथं एक चूक हमखास होते. बर्नआउटच्या दहापैकी पाच विधानं (1, 4, 15, 17 आणि 29) चांगल्या अर्थाची आहेत. त्यांचे गुण उलटे करून घ्यायचे असतात, म्हणजे 5 दिले असतील तर 1 धरायचा, 4 असेल तर 2. हे विसरलं की बर्नआउट उगाच फुगलेलं दिसतं आणि माणूस बदलीचा अर्ज लिहायला बसतो. दुसरं, नाइटचा आठवडा संपल्या-संपल्या ही प्रश्नावली भरू नका. दोन रात्री झोप झाल्यावर भरा. आणि लक्षात ठेवा, हे निदान नव्हे. कुठं पाहायचं एवढंच यातून कळतं.

आता समजा, तुमचे आकडे असे आले: समाधान 31, बर्नआउट 26, सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस 39. याचा अर्थ कामातली गोडी अजून शाबूत आहे, बोजा मध्यम आहे, पण दुखण्याचा संसर्ग वरच्या टोकाला टेकलाय. अशा वेळी आठ दिवस रजा घेऊन माहेरी गेलात तर बर्नआउटला थोडा आराम पडेल, पण परत आल्यावर पहिल्याच ट्रॉलीला गोळा जिथल्या तिथं. उलट बर्नआउट 40 आणि दुसरा आकडा 24 असता तर रजा, रोस्टर, बदली यांवर आधी बोललो असतो.

बर्न्स वॉर्डात हा दुसरा आकडा का चढतो, याचं कारण फक्त जळालेली माणसं पाहणं एवढं नसतं. इथं वेदना आपल्याच हातून दिली जाते. मेडिसिन वॉर्डातली सिस्टर दुखणं कमी करायला पेशंटजवळ जाते. तुम्ही जवळ गेलात की पेशंट आक्रसते. रोज सकाळी ओळखीचं माणूस आपल्या हाताखाली किंचाळतं, आपण 'झालं, झालं' म्हणत राहतो आणि झालेलं नसतं. हे सोसायला मन जो उपाय शोधतं तो म्हणजे समोर माणूस आहे हे तेवढ्यापुरतं विसरणं. ड्रेसिंगपुरता हा उपाय चालतोही. अडचण अशी की तो ड्रेसिंगपुरता राहत नाही. मग आई विचारायला आली तरी तोच पडदा, आणि बॉडी पॅक करतानाही तोच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं जरा वेगळं वाटेल. तुमच्या स्वतःच्या काळजीची सुरुवात ध्यानापासून करू नका, ड्रेसिंगच्या आधीच्या एका तासापासून करा.

नेहमीची सकाळ डोळ्यांसमोर आणा. वेदनाशामक औषध 'एसओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे मागितलं तर द्यायचं. नऊचा राउंड होतो, सव्वानऊला ट्रॉली लागते, नऊ पंचवीसला कुणाला तरी आठवतं आणि गोळी किंवा इंजेक्शन दिलं जातं. साडेनऊला ड्रेसिंग सुरू. तोंडावाटे दिलेल्या औषधाचा पुरता असर व्हायला साधारण पाऊण ते एक तास लागतो. शिरेतून दिलेल्याला औषधाप्रमाणे पाच ते वीस मिनिटं. म्हणजे गोळी दिली असेल तर ड्रेसिंग औषधाविना होतं आणि सव्वादहाला, पट्टी बांधून झाल्यावर, औषध चढतं. पेशंटला गुंगी येते, ती जेवत नाही, अंडं तसंच राहतं, दुपारी फिजिओथेरपिस्ट आला की हात हलवत नाही. औषध दिलं, पण चुकीच्या तासाला.

डोस लिहिणं डॉक्टरांचं काम, पण वेळ बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. नाइटच्या सिस्टरला ओव्हर देतानाच उद्याच्या ड्रेसिंगचा क्रम लिहून ठेवायचा. समजा पाच ड्रेसिंग आहेत आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं धरली. साडेनऊच्या पहिल्या पेशंटला गोळी पावणेनऊला, दहा दहाच्या दुसरीला सव्वानऊ-नऊ पंचवीसला, असं पुढे. सगळ्यांना एकदम आठ वाजता देऊन मोकळं व्हायचं नाही, नाहीतर पाचव्या पेशंटपर्यंत असर ओसरतो. डोसच्या आधी श्वासाची गती मोजा, ड्रेसिंग चालू असताना दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि हाक मारल्यावर डोळे उघडते का ते पाहा. गती मिनिटाला दहाच्या खाली गेली किंवा हाकेला उत्तर येईना तर हात थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. पहिल्या दिवसांतल्या मोठ्या भाजण्यात कमरेतलं इंजेक्शन भरवशाचं नसतं, कारण रक्तपुरवठा कमी असतो आणि औषध तिथंच पडून राहतं. तसं लिहून आलं तर विचारा.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे, पण घाईत गळतं म्हणून लिहितो. वरचे थर कात्रीनं कापून काढायचे, आतलं चिकटलेलं गॉज कोमट सलाइननं भिजवून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. त्या वेळात दुसरं काम करता येतं. कोरडं गॉज ओढलं की नवी आलेली त्वचा सोबत निघते, रक्त येतं, आणि किंकाळी येते ती बहुतेक वेळा याच क्षणी. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उघडा करायचा. उघड्या जखमेला नुसती हवाही झोंबते आणि अंगही गार पडतं.

आणि पेशंटला एक शब्द द्या: 'थांबा'. सुरू करायच्या आधीच सांगायचं की तीन वेळा थांबा म्हणता येईल, प्रत्येक वेळी मी मिनिटभर हात उचलेन, मग सांगून पुन्हा सुरू करेन. यानं ड्रेसिंग फार तर तीन-चार मिनिटांनी लांबतं. काही पेशंट तिन्ही वापरतात, काही एकही वापरत नाहीत, पण आपल्या हातात काही आहे हे कळल्यावर अंग कमी ताठतं आणि तुमचंही काम सोपं होतं. एकच अट, शब्द दिला तर पाळायचा. 'थोडंच राहिलंय' म्हणून पुढं रेटलंत तर दुसऱ्या दिवशी तो शब्द निकामी झालेला असतो.

आता यात 'स्वतःची काळजी' कुठं आली? इथंच आली. शून्य ते दहाच्या मापात वेदना किती, हे ड्रेसिंगच्या आधी, मध्ये आणि नंतर पेशंटला विचारून शीटवर लिहा. महिनाभर लिहिलेले ते कागद घेऊन सर्जनकडे गेलात की 'एसओएस' खोडून ठरावीक वेळेचा डोस लिहून मिळण्याची शक्यता बरीच वाढते. 'सर, पेशंट फार ओरडतात' या वाक्यानं ते होत नाही. मधला आकडा नऊवरून पाचवर आला तर तुमच्या पोटातला गोळाही तेवढा आकसतो. जे थांबवता येण्यासारखं आहे ते दुखणं रोज पाहत राहणं आणि वर श्वासाचे व्यायाम करणं, हे छप्पर गळत असताना नुसती फरशी पुसण्यासारखं आहे.

पण सगळं दुखणं थांबवता येत नाही, आणि काही पेशंट जाणारच. त्यासाठी वेगळं.

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी केलेल्या प्रयोगांतून एक उपयोगी फरक पुढं आला. दुसऱ्याचं दुखणं जसंच्या तसं आपल्यात उमटू देणं ही एक गोष्ट, आणि त्याचं भलं व्हावं म्हणून मन त्याच्याकडे वळवणं ही दुसरी. पहिलीचा सराव केला की लोकांना वाईट वाटणं वाढलं. दुसरीचा सराव केल्यावर चांगली भावना परत आली, आणि मेंदूतली वेगळी जाळी कामाला लागलेली दिसली. वॉर्डातल्या भाषेत याचा अर्थ असा: 'हिला किती दुखत असेल' हा प्रश्न मनात फिरत राहिला की तुम्ही बुडता. त्या जागी 'हिला आत्ता, या मिनिटाला काय हवंय' हा प्रश्न ठेवला की हाताला काम मिळतं: उशी वर घेणं, ओठ ओले करणं, मानेखालची नळी सरळ करणं. हे मनाला आपोआप जमत नाही, म्हणून ते एखाद्या कृतीला बांधून टाका. ग्लोव्हज चढवताना दरवेळी हा एक प्रश्न मनात म्हणायचा. ध्यानाला वेळ नाही म्हणता ना. याला ग्लोव्हज चढवण्याएवढाच लागतो.

पेशंट गेल्यावर बॉडी पॅक करायच्या आधी एक मिनिट थांबण्याची प्रथा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टल्स यांनी सुरू केली आणि ती पुढे बऱ्याच देशांत गेली. आपल्याकडे ती करायला परवानगीपत्र लागत नाही. ड्युटीवरच्या सीनियर सिस्टरनं एवढंच म्हणायचं: 'हे कुणाचं तरी माणूस होतं. आपण प्रयत्न केले. एक मिनिट शांत उभं राहू.' डॉक्टर, मावशी, मामा, जे असतील ते उभे राहतात. प्रार्थना नाही, भाषण नाही. रडू आलं पाहिजे अशीही अट नाही. तुम्हाला रडू येत नाही याची तुम्ही फार काळजी करताय. एका मृत्यूवरून दुसऱ्या बेडकडे जाताना मध्ये जागाच नसेल तर रडू येणार तरी केव्हा? शेजारच्या बेडवर कुणी कोसळत असेल तर अर्थातच हे होणार नाही. तेव्हा शिफ्ट संपताना ओव्हरच्या टेबलाशी करा.

नातेवाइकांवर खेकसणं कधी होतं, त्याची वेळ पाहा. बहुतेकदा ड्रेसिंग नुकतंच संपलेलं असतं, ग्लोव्हज अजून हातात असतात आणि दारात आई उभी असते. त्या क्षणी दिलेलं कुठलंही उत्तर तिखटच निघतं. म्हणून उत्तर न देता वाक्य तयार ठेवा: 'मावशी, ड्रेसिंग झालंय, ती शुद्धीवर आहे. मी हात धुऊन पाच मिनिटांत येते आणि सगळं सांगते.' मग मास्क टाकून द्या (वास त्यात धरून राहतो), हात कोपरापर्यंत धुवा, बसून पाणी प्या, दहा वेळा श्वास घ्या; आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि पाचव्या मिनिटाला खरंच जा.

चहाच्या टेबलाबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे मन मोकळं करणं म्हणजे पाहिलेलं सगळं, रंग-वासासकट, समोरच्याच्या कपात ओतणं. समोरची दुसऱ्या वॉर्डातली असते, तिचं स्वतःचं ताट भरलेलं असतं. कॅनडातल्या फ्रान्स्वाज मॅथ्यू यांनी यावर साधी पद्धत सुचवली आहे: आधी आपण किती तपशील सांगतो याची जाण ठेवायची, मग समोरच्याला आगाऊ कल्पना द्यायची, तिची परवानगी घ्यायची, आणि गरजेपुरतंच सांगायचं. 'आज एक केस डोक्यातून जात नाहीये, पाच मिनिटं ऐकशील? जखमेचं नाही सांगत.' बहुतेक वेळा जे सांगायचं असतं ते जखमेचं नसतंच. 'मी तिला खोटं सांगितलं की झालंच' हे सांगायचं असतं. वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंही तेच. त्यावर जखमांचे फोटो येत असतील तर फोनमधलं आपोआप डाउनलोड बंद करा आणि घरी असताना ग्रुप म्यूट ठेवा. बसमधला परतीचा तास तुमचा एकटीचा आहे, तो त्या फोटोंना देऊ नका. पेशंटची ओळख पटेल असे फोटो ग्रुपवर टाकणं मुळातच चूक आहे, हे इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घालायला हरकत नाही.

रोस्टरबद्दल इन्चार्ज सिस्टरांशी बोलाल तेव्हा 'मला त्रास होतो' असं मोघम बोलू नका, मागणी नेमकी ठेवा. मी असं मागेन: एका पेशंटचं ड्रेसिंग एकाच स्टाफनं सलग तीन दिवसांहून जास्त करू नये, मोठ्या ड्रेसिंगला एक जण हाताशी आणि एक जण डोक्याशी, अर्ध्यात अदलाबदल, ज्या शिफ्टला जिच्या पेशंटचा मृत्यू झाला, तिच्याकडे त्या शिफ्टला नवी अॅडमिशन शक्यतो नको. तीन दिवस हा आकडा कुठल्या नियमात नाही, माझा अंदाज आहे. त्याहून लवकर बदललं तर पेशंटला रोज नवा हात मिळतो, तेही तिला जड जातं. आणि वीस बेडला दोनच स्टाफ असतील तर यातलं निम्मं होणार नाही हेही खरं. तेव्हा ती गोष्ट लेखी जाऊ द्या. माणसांचा तुटवडा श्वास मोजून भरून निघत नाही, आणि निबंधातही हे वाक्य बेधडक लिहा.

झोपेचं थोडक्यात: नाइटला पहाटे तीननंतर चहा-कॉफी नको, सोबतीण लक्ष ठेवणारी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चालते (त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं जड होतं), आणि घरी पोचल्यावर आधी अंधार करून झोप, मग कामं.

वांग्याचं काय? तूर्त भरीत दुसऱ्या कुणी भाजलं तरी काही बिघडत नाही. ड्युटी संपली की हॉस्पिटलमध्येच कपडे बदला, केसांना कामावर पूर्ण टोपी ठेवा, म्हणजे तो वास घरात शिरणार नाही. पण एक यादी मनाशी ठेवा. आज वांगं आहे. उद्या निरांजनाची वात विझल्याचा वास, पापड भाजणं, होळी अशी टाळायची यादी वाढत चालली, किंवा झोपेत तोच प्रसंग पुन्हा दिसू लागला, किंवा हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं, तर हे घरगुती उपायांचं काम राहिलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायचं. आपल्याच रुग्णालयाच्या ओपीडीत ओळखीचे डोळे असतात म्हणून संकोच वाटत असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे; फुकट, चोवीस तास, मराठीतही. झोपेसाठी वॉर्डातल्या गोळ्या किंवा उरलेलं इंजेक्शन स्वतः घेण्याचा विचार एकदा जरी मनात आला, किंवा जगण्याचा कंटाळा आला, तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. औषधाचं कपाट हाताशी असणं हा आपल्या पेशातला खरा धोका आहे.

आता निबंध. ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 चं चक्र तुमच्या कोर्समध्ये दिलं असेलच: काय घडलं, काय वाटलं, बरंवाईट काय, असं का झालं, निष्कर्ष, पुढची योजना. विद्यार्थी हमखास फसतात ते शब्दांच्या वाटणीत. हजार शब्द 'काय घडलं' यात जातात, आणि शेवटी घाईघाईत 'मी सकारात्मक राहीन'. पंधराशेची वाटणी मी अशी करेन: घटना 200, भावना 150, मूल्यमापन 200, विश्लेषण 500, निष्कर्ष 150, योजना 300. घटना एकच घ्या, नऊ वर्षं नकोत. आईवर खेकसलात तीच घ्या, कारण तिच्यात ड्रेसिंग, औषधाची वेळ, थकवा आणि पडदा सगळं एका जागी सापडतं.

विश्लेषणात स्वतःला दोष देणारी वाक्यं जागा खातात. 'मी जास्त संयम ठेवायला हवा होता' हे विश्लेषण नाही. हे पाहा: 'ड्रेसिंग साडेनऊला सुरू झालं, गोळी नऊ पंचवीसला दिली होती. त्यामुळे चाळीस मिनिटं मी वेदना देत होते आणि ती थांबवण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं. त्या काळात मी पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहणं थांबवलं. आई दारात आली तेव्हा मी अजून त्याच अवस्थेत होते. माझ्या प्रश्नावलीत बर्नआउटपेक्षा सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेसचे गुण जास्त आहेत, ते याच्याशी जुळतं.' यात कारण आहे, वेळ आहे, पुरावा आहे, आणि रडगाणं नाही.

योजनेत प्रत्येक गोष्टीला चार खुंट्या असू द्या: काय करणार, केव्हापासून, मोजणार कसं, अडलं तर काय. उदाहरणार्थ, 'येत्या सोमवारपासून ड्रेसिंगचा क्रम आणि वेदनाशामकाची वेळ आदल्या रात्रीच्या ओव्हरमध्ये लिहिणार. वेदनेचे तीन आकडे शीटवर नोंदवणार. सर्जनांनी वेळ बदलायला नकार दिल्यास तीस दिवसांच्या नोंदी इन्चार्ज सिस्टरांमार्फत पुन्हा दाखवणार. तीस दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरून दोन्ही आकडे शेजारी लिहिणार.' योजनेत तीन गोष्टी पुरे. सात लिहिल्या तर परीक्षकालाही कळतं की एकही होणार नाही.

शेवटचं, आणि हे विसरू नका. निबंधात पेशंटचं नाव, गाव, वय, बेड नंबर, दाखल झाल्याची तारीख, किती टक्के भाजलं, काहीही नको. 'एक तरुण रुग्ण' एवढं बस. बर्न्सच्या बहुतेक केसेस मेडिकोलीगल असतात, आणि जिल्हा लहान असतो. रात्री पेशंट कधी 'सिस्टर, खरं सांगते, पण कुणाला सांगू नका' म्हणते. तुमच्याकडे असं काही असेल तर ते निबंधात येता कामा नये, पण तुमच्या एकटीच्या मनातही राहता कामा नये. मृत्यूपूर्व जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायची पद्धत असली तरी असं बोलणं कुणाजवळही केलेलं असलं तरी कायद्याला त्याची दखल घेता येते. गुप्ततेचं वचन देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका. तिचेच शब्द, वेळेसकट, नर्सेस नोट्समध्ये लिहा, खाली सही करा आणि लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा. तिथून पोलिसांना कळवून जबाबाची व्यवस्था करणं त्यांचं काम.